अहवालातला आकडा आणि समोर बसलेली विद्यार्थिनी

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात या सत्रापासून एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारे साधन सुरू झाले आहे. प्रत्येक निबंधाबरोबर टक्केवारी येते आणि हल्ली मी निबंध वाचण्याआधी तीच बघू लागले आहे, हे माझे मलाच खटकते. विद्यार्थ्यांचा विश्वास न गमावता हे साधन वापरता येते का? आणि शंका आलीच, तर प्रामाणिकपणे बोलायचे म्हणजे नेमके कसे?

उत्तर:

जे खटकले, ते आधी दुरुस्त करा, म्हणजे क्रम उलटा करा. प्रथम निबंध वाचा, समासात आपली टिपणे लिहा, आणि त्यानंतरही काही अडले तरच अहवाल उघडा. ही शिस्त लहान वाटते, पण तिच्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. एकदा ८० टक्के हा आकडा डोळ्यांखालून गेला की त्यानंतरचे प्रत्येक गुळगुळीत वाक्य यंत्राचे वाटू लागते, आणि तेच वाक्य आकडा न पाहता वाचले असते तर आपण कदाचित शेजारी 'छान' असे लिहिले असते. मी स्वतः हे साधन पूर्णपणे बंद केलेले नाही. मात्र केवळ आकड्यावरून आजवर ज्यांना बोलावले, त्यांतील एकाही प्रसंगाचा मला अभिमान वाटत नाही. आता माझ्या वाचनात स्वतंत्रपणे काही खटकले असेल तरच मी विद्यार्थ्याला बोलावते.

हा आकडा म्हणजे काय, हे स्वतःला आणि विद्यार्थ्यांना स्पष्ट करणे आवश्यक आहे. टर्निटिनसारख्या साधनांत समानतेचा अहवाल आणि एआय-लेखनाचा अहवाल एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे दोन्ही एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. समानतेचा अहवाल, ज्याच्याशी जुळणी सापडली तो मूळ मजकूर समोर ठेवतो. तो उघडून, ओळीशेजारी ओळ ठेवून, कोणालाही पडताळता येतो, आणि विद्यार्थ्यालाही 'हे मी अवतरणचिन्हांत दिले होते' असे दाखवता येते. एआयच्या अहवालाला असे मूळच नसते. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यांची लांबी आणि घडण किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून बांधलेला तो अंदाज असतो, आणि अंदाजाशी ताडून पाहायला समोर काहीही नसते. शिवाय ८० टक्के याचा अर्थ 'हा निबंध यंत्राने लिहिला असण्याची शक्यता ८० टक्के' असाही नाही. टर्निटिनच्या अहवालात तो आकडा मजकुराचा किती भाग साधनाला यंत्रलिखित वाटतो, एवढेच सांगतो. ही गफलत मी अनेक बैठकांत ऐकली आहे, आणि गुण कापण्याचे निर्णय तिच्यावर झालेलेही पाहिले आहेत.

साधने चुकतात हे त्यांच्या निर्मात्यांनाही नाकारता आलेले नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळख-साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के मजकूर ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये कमी अचूकतेचे कारण देऊन ते मागे घेण्यात आले. नंतरची साधने अधिक चांगली आहेत असे धरू, तरी वर्गातले गणित आपल्या बाजूचे होत नाही. समजा, १२० निबंध आले. साधन यंत्रलिखितांपैकी ८० टक्के पकडते आणि स्वतः लिहिलेल्यांपैकी ४ टक्क्यांवर चुकीची खूण करते, असे गृहीत धरू. बारा जणांनी यंत्राकडून लिहून घेतले असेल, तर सुमारे दहा पकडले जातील आणि उरलेल्या १०८ प्रामाणिक मुलांपैकी चार जणांवरही खूण येईल. म्हणजे खूण असलेल्या चौदांपैकी चार निरपराध. आता तुमचा वर्ग चांगला आहे आणि फक्त चौघांनीच तसे केले आहे, असे धरा. तीन सापडतील, आणि ११६ पैकी जवळजवळ पाच जणांवर उगाच खूण येईल. वर्ग जितका प्रामाणिक, तितका खुणेचा अर्थ पोकळ होत जातो, हे उलटे वाटणारे सत्य मी दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवते.

ही चूक सर्वांवर सारखी पडत नाही, हा भाग मला अधिक गंभीर वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्रलिखित ठरवले, तर अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध बहुतेक बरोबर ओळखले. कारण सरळ आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस हाताशी असलेल्या मोजक्या शब्दांत आणि पाठ झालेल्या वाक्यरचनांत लिहितो. त्याचा पुढचा शब्द ओळखणे सोपे जाते, आणि नेमकी तीच गोष्ट साधनाला यंत्राची वाटते. ज्या मुलीने व्याकरणाची चूक होऊ नये म्हणून चार वेळा वाक्य सरळ केले, तिलाच आपण खोटी ठरवण्याची शक्यता जास्त असते.

माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाचा निबंध हातात धरून मी भर वर्गात विचारले, "हे तूच लिहिलंस?" तो 'हो' म्हणाला, मी 'बरं' म्हटले आणि वर्ग हसला. प्रकरण तेवढ्यावर संपले असे मला वाटले. त्यानंतर त्याने दिलेले प्रत्येक लेखन आखूड वाक्यांचे, जाणूनबुजून ओबडधोबड आणि मूळ क्षमतेपेक्षा खालचे होते. सत्राच्या शेवटी त्यानेच सांगितले की, चांगले लिहिले तर पुन्हा उभे राहावे लागेल, म्हणून तो मुद्दाम दोन-तीन चुका ठेवत असे. संशयाचा पहिला परिणाम असा दिसतो. कॉपी करणारा सावध होतो हे खरे, पण नीट लिहिणारा वाईट लिहू लागतो. तुमच्या वर्गात अचानक लेखन सपाट झाले असेल, मसुदे दाखवायला मुले टाळाटाळ करत असतील, किंवा 'मॅडम, हा शब्द वापरला तर चालेल ना?' असे प्रश्न वाढले असतील, तर विषयाच्या अडचणीआधी आपल्या धाकाकडे पाहावे.

विश्वासाचे काम शंका येण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तासाला करावे लागते. मी एका पानावर चार गोष्टी लिहून देते आणि मोठ्याने वाचते. कशासाठी यंत्राची मदत चालेल व कशासाठी नाही. मदत घेतली तर शेवटी एका ओळीत कसे नोंदवायचे. मी कोणते साधन कधी वापरते. आणि न सांगता वापर केल्याचे निष्पन्न झाले तर काय होईल. चौथी बाब मोघम ठेवू नये. 'योग्य ती कारवाई' या शब्दांनी कोणी सरळ होत नाही, फक्त घाबरते. माझा नियम असा की, न सांगता घेतलेल्या भागाला गुण नाहीत, पहिल्या वेळी तो भाग पुन्हा लिहिण्याची संधी आहे, आणि दुसऱ्या वेळी प्रकरण विभागप्रमुखांकडे जाते. त्याच पानावर मी माझेही लिहिते: सरावाचे प्रश्न तयार करताना यंत्राची मदत घेतली तर तसे नमूद करीन, आणि तुमचे लेखन तुमच्या परवानगीशिवाय कोणत्याही फुकट संकेतस्थळावर चिकटवून तपासणार नाही. हे दुसरे वाक्य सहकाऱ्यांना अनावश्यक वाटते. पण मुलांचे लेखन त्यांच्या नावासह अनोळखी ठिकाणी टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

निबंधाच्या वाटेवर दोन थांबे ठेवते: एक अर्ध्या पानाचा आराखडा आणि एक कच्चा मसुदा, दोन्हींना थोडे गुण. हे पहारा म्हणून केले तर मुलांना लगेच कळते, म्हणून मसुद्यावर मी खरोखर टिपण देते. त्यामुळे माझ्याकडे त्यांच्या विचाराचा माग राहतो आणि त्यांच्याकडे, वेळ आलीच तर, दाखवायला काही असते.

आता संवादाकडे येते. एक प्रसंग तपशिलाने सांगते; ओळख पटू नये म्हणून किरकोळ बाबी बदलल्या आहेत. दुसऱ्या वर्षाची इतिहासाची विद्यार्थिनी, विषय ब्रिटनमधील १८३३ चा कारखाना कायदा, सुमारे बाराशे शब्दांचा इंग्रजी निबंध. त्या सत्रात मसुद्यांचे थांबे मी ठेवले नव्हते. वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. तिसऱ्या परिच्छेदात एक सुरेख मुद्दा होता: नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामाला ठेवू नये असे कायदा म्हणतो, पण इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये, मग तोवर मुलाचे वय ठरवणार कसे? डॉक्टर अंगकाठी पाहून दाखला देत, म्हणजे कायदा शेवटी दिसण्यावर चाले. शेवटचा परिच्छेद मात्र प्रगती आणि माणुसकी यांच्या समतोलाविषयी सर्वसाधारण बोलणारा, कोणत्याही निबंधाला जोडता येईल असा. मग अहवाल उघडला. त्यात ७४ टक्के होते, आणि खुणा तिसऱ्या परिच्छेदावरही होत्या.

मी एक दिवस जाऊ दिला. तीन प्रश्न कागदावर लिहिले: जन्मनोंदणीचा मुद्दा कुठून सुचला, लिहिताना काय वगळावे लागले, आणि शेवट असा का केला. निबंध दिल्याला पाच दिवस झाले होते. याहून उशीर करू नये, कारण तीन आठवड्यांनी आपण स्वतः लिहिलेलेही आठवत नाही, आणि तो विसर मग अपराधासारखा दिसतो. तिला एकटीला, दार उघडे ठेवून, माझ्या खोलीत बोलावले. निरोपातच कारण लिहिले होते, आणि वही, मसुदा, जे असेल ते घेऊन ये असेही. नुसते 'येऊन भेट' असे कळवले की मूल दोन रात्री झोपत नाही.

"बस. तुझ्या निबंधाला साधनाने ७४ टक्के दाखवले आहेत," मी म्हटले. "तो पुरावा नाही, साधन चुकतं, हे मी वर्गात सांगितलंय. पण अहवाल बघण्याआधीच शेवटचा परिच्छेद मला बाकीच्यापेक्षा वेगळा वाटला, म्हणून विचारते आहे. हा निबंध कसा लिहिलास, सुरुवातीपासून सांगशील?"

"मॅडम, माझे मार्क जाणार का?"

"आज या खोलीत काही ठरणार नाही. पण तू सांगशील ते मी विसरून जाईन, असंही म्हणणार नाही. पहिल्या दिवशी दिलेल्या पानावर जे आहे तेच होईल, त्याहून जास्त नाही."

हे दुसरे वाक्य जड वाटते, तरी ते वगळू नये. 'खरं सांग, काही होणार नाही' असे म्हणून कबुली काढणे आणि नंतर कारवाई करणे, यासारखे विश्वास तोडणारे दुसरे काही नाही. त्याचप्रमाणे 'माझ्याकडे सगळं आहे, तू फक्त कबूल कर' ही पोलिसी थाप शिक्षकाने कधीही मारू नये. थापेपुढे निरपराध मूलही मान खाली घालते, कारण त्याला प्रसंग लवकर संपवायचा असतो.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मीही. शांतता भरून काढण्याची आपली सवय या वेळी आवरावी लागते. मग तिने पिशवीतून वही काढली. "मी आधी आपल्या भाषेत लिहिते. मग मोबाइलवर भाषांतर करते आणि इंग्रजी नीट करून घेते. मला थेट इंग्रजीत विचार करता येत नाही." वहीत दोन पाने खोडाखोड होती, आणि समासात उभ्या अक्षरांत लिहिले होते: 'दाखला कोण देणार?' तिसऱ्या परिच्छेदाचे मूळ ते होते. साधनाने ज्यावर खूण केली, तो त्या निबंधातला सर्वांत तिचा भाग होता. दिसण्यावरून दाखला देणाऱ्या डॉक्टरांचा तिचा मुद्दा त्या खोलीत मला निराळाच ऐकू आला; तिच्या ते लक्षात आले की नाही, ठाऊक नाही.

"आणि शेवट?" मी विचारले.

"तो मी नाही लिहिला." मग घाईने, "रात्रीचा एक वाजला होता. सुचतच नव्हतं."

"बाकीचं वहीत दिसतंय. ते मी पूर्ण धरते. शेवटच्या परिच्छेदाचे गुण नाहीत. तो शुक्रवारपर्यंत पुन्हा लिहून दे. आणि भाषांतराबद्दल मी नियमात काहीच लिहिलं नव्हतं, ती माझी चूक आहे."

ही शेवटची ओळ सौजन्यापोटी म्हटलेली नव्हती. भाषांतर-साधन चालेल का, यावर माझे पान खरोखरच मुके होते, आणि अशा साधनांतून आलेली भाषा एआय-अहवालात सहज सापडू शकते. पुढच्या सत्रापासून भाषांतर चालेल, मात्र मूळ मसुदा जपावा आणि एका ओळीत नोंद करावी, असे त्यात आले. बोलणे सतरा-अठरा मिनिटे चालले. मी चार ओळींचे टिपण लिहिले: काय विचारले, तिने काय सांगितले, काय दाखवले, काय ठरले. तिने ते वाचले, एक शब्द दुरुस्त करून घेतला, आणि एक प्रत तिला दिली.

या प्रसंगात मी काय पुरावा मानले नाही, तेही सांगायला हवे. तिचा थरथरता आवाज, सुरुवातीचे गप्प राहणे, 'एवढं चांगलं इंग्रजी तुला येतं?' या छापाचा आपला ग्रह, यांपैकी काहीही पुरावा नाही. वर्गात लिहून घेतलेल्या परिच्छेदाशी घरच्या निबंधाची तुलना करणेही बेताने करावे. वीस मिनिटांत घड्याळापुढे लिहिलेले आणि चार रात्री घासलेले एकसारखे असावे ही अपेक्षाच चुकीची आहे. वजन देण्याजोग्या गोष्टी वेगळ्या असतात. संदर्भ म्हणून दिलेले पुस्तक अस्तित्वातच नसणे ही अशी एक गोष्ट आहे, कारण ती ग्रंथालयाच्या यादीत कोणालाही पडताळता येते. दुसरी म्हणजे निबंधात वापरलेली मध्यवर्ती संकल्पना साध्या शब्दांत अजिबात सांगता न येणे. तिथेही लाजाळू मुलाला बोलण्याऐवजी लिहून सांगण्याची मोकळीक द्यावी. व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइल टप्प्याटप्प्याने कशी बदलत गेली याची नोंद, दाखवली तर पाहते, पण मागून घेत नाही. काही मुले एकाच मोबाइलवर घरच्या इतरांबरोबर काम करतात, काही वहीतून शेवटी एकदाच टंकतात, आणि त्यांच्या फाइलमध्ये सगळा मजकूर एका मिनिटात आलेला दिसतो.

काही वेळा शेवटपर्यंत कळत नाही. विद्यार्थी 'मीच लिहिलंय' म्हणतो, वही नाही, मसुदा नाही, प्रश्नांची उत्तरे मध्यम, आणि माझी शंका तशीच राहते. अशा वेळी मी निबंध आहे तसा तपासून गुण देते. शंका आहे म्हणून दोन गुण हळूच कमी करणे ही न सांगितलेली शिक्षा आहे, आणि तिच्यावर विद्यार्थ्याला दादही मागता येत नाही. त्याच दिवशी त्याला कळवते, "आपलं बोलणं झालं, निष्कर्ष काही निघालेला नाही, तुझे गुण निबंधाप्रमाणे दिले आहेत, विषय संपला." टिपणात 'निष्कर्ष नाही' एवढे दोन शब्द जातात. स्टाफरूममध्ये कोणी त्या मुलाविषयी विचारले तरी तेवढेच सांगते, आणि त्याचा पुढचा निबंध आला की गठ्ठ्यात जिथे असेल तिथून, त्याच्या पाळीनेच वाचते.